विश्लेषण : ‘फेर्नव्हे’ आणि ‘व्हेल्टश्मेर्त्स’ म्हणजे नेमके काय? घराच्या ओढीपेक्षा या वेदना वेगळ्या कशा?

घर सोडून राहिलेल्या माणसाच्या प्रत्येक उदासीला ‘घरची आठवण येते आहे’ असे म्हणून मोकळे होण्याची आपली सवय आहे. जर्मन भाषेने मात्र या उदासीचे तीन वेगळे कप्पे केले आहेत. प्रत्येक दुखण्याचे औषध वेगळे असल्याने हा फरक केवळ शब्दांचा उरत नाही.

देवनारमध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या दोन संस्था जवळजवळ आहेत. दोन्हींच्या वसतिगृहांत देशभरातून आलेली मुले-मुली राहतात. समजा, यातली एखादी मुलगी रत्नागिरीची आहे. रविवारी संध्याकाळी ती खिडकीशी बसून आहे आणि तिला काही सुचत नाही. मैत्रीण म्हणते, ‘‘दोन दिवस घरी जाऊन ये, बरं वाटेल.’’ हा सल्ला तीनपैकी एकाच दुखण्याला लागू पडतो. उरलेल्या दोन दुखण्यांत कोकणकन्येचे तिकीट वाया जाते.

या शब्दांची घडण कशी आहे?

जर्मन भाषा शब्द जोडते ते आपल्या समासांसारखेच. आपण डोकेदुखी, पोटदुखी म्हणतो, तसे जर्मनमध्ये ‘व्हे’ किंवा ‘श्मेर्त्स’ म्हणजे दुखणे. ‘हाइम’ म्हणजे घर, म्हणून ‘हाइमव्हे’ ही घरदुखी. ‘फेर्न’ म्हणजे दूर, म्हणून ‘फेर्नव्हे’ ही दूरदुखी. ‘व्हेल्ट’ म्हणजे जग, म्हणून ‘व्हेल्टश्मेर्त्स’ ही जगदुखी. मराठीत हे शब्द थोडे विनोदी वाटतील, पण अर्थाला अगदी चिकटून आहेत. मुख्य म्हणजे तिन्हींत दुखणे आहे. पर्यटनाच्या जाहिरातींत ‘फेर्नव्हे’ हा ‘फिरण्याची मौज’ अशा अर्थाने वापरला जातो तो चुकीचा. मौजेसाठी जर्मनमध्ये ‘वाँडरलुस्ट’ हा वेगळा शब्द आहे. त्यातला ‘लुस्ट’ म्हणजे आवड, हौस. हौस पुरवली नाही तरी चालते. दुखणे मात्र ठणकत राहते.

घरदुखी हा खरोखरच आजार मानला जात होता का?

होय. 1688 मध्ये बाझेल विद्यापीठात योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ‘हाइमव्हे’वर प्रबंध लिहिला आणि त्यासाठी ग्रीक शब्दांपासून ‘नॉस्टॅल्जिया’ हे वैद्यकीय नाव घडवले. आज हा शब्द जुन्या गाण्यांच्या आठवणींसाठी वापरला जातो. तेव्हा ते रोगाचे नाव होते. परमुलखात भाडोत्री सैनिक म्हणून लढणाऱ्या स्विस तरुणांशी हा रोग पुढे कायमचा जोडला गेला.

होफरने दिलेले एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. बर्नचा एक तरुण शिकायला बाझेलमध्ये आला आणि खंगत गेला. ताप हटेना, तो वाचेल असे कुणाला वाटेना. शेवटी त्याला घरी पाठवायचे ठरले. तो सुधारू लागला तो घरी पोहोचल्यावर नव्हे, वाटेतच. घरदुखीची खूण हीच आहे. तिला ठरलेला पत्ता असतो आणि त्या पत्त्याकडे तोंड वळले तरी ती उतरू लागते. देवनारच्या त्या मुलीला तिकीट हातात पडताच भूक लागली, तर दुखणे कोणते हे कळले.

मराठीतले या वेदनेचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सावरकरांनी 1909 मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेली, सागराला उद्देशून असलेली कविता. तिथे मागणे एकच आहे, आणि तेही नेमके : मला परत ने. पुढच्याच वर्षी ते परत आले, पण कैदी म्हणून. पत्ता बरोबर असूनही घर मिळाले नाही, असेही होऊ शकते.

घरदुखी अंतरावर अवलंबून असते का?

मैलांवर नाही. याचा दाखला देवनारच्या शेजारीच आहे. मानखुर्द-ट्रॉम्बे भागातील जनता कॉलनी भाभा अणुसंशोधन केंद्रासाठी हटवण्यात आली आणि मे 1976 मध्ये, आणीबाणीच्या काळात, तिथल्या सुमारे 70 हजार रहिवाशांना चिता कॅम्पमध्ये हलवण्यात आले. अंतर काही किलोमीटरचेच होते. पण ज्या गल्लीत जन्म गेला ती गल्लीच उरली नाही, तेव्हा परतीचे तिकीट काढायचे कुठले? ही घरदुखीच आहे, फक्त तिचे औषध काढून घेतलेले आहे. अशा माणसाला ‘मन गुंतव, नव्या जागेची सवय होईल’ असे सांगणे सोपे असते. ते खरेही ठरते, पण दुखणे बरे झाल्यामुळे नव्हे, ते जुने झाल्यामुळे.

मग दूरदुखी म्हणजे काय?

घरदुखीच्या बरोबर उलट. घरात सगळे आहे आणि घरच बोचते. ‘फेर्नव्हे’ हा शब्द पहिल्यांदा छापील स्वरूपात आणण्याचे श्रेय सहसा हेर्मान फोन प्युकलर-मुस्काउ या जर्मन सरदाराला आणि त्याच्या 1835 च्या प्रवासलेखनाला दिले जाते. आपल्याला हाइमव्हे कधी होत नाही, होतो तो फेर्नव्हे, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. गंमत म्हणजे हा माणूस मोठा उद्यानरचनाकार होता. मुस्काउला स्वतःसाठी स्वर्गासारखी बाग उभी करायची आणि मग तिथे राहवत नाही म्हणून उत्तर आफ्रिका, इजिप्त गाठायचे, असा त्याचा संसार.

मराठीत या दुखण्याचे वर्णन रोग्याने नव्हे, त्याच्या बायकोने लिहून ठेवले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांतले नारायण वामन टिळक एका जागी टिकत नाहीत. नोकरी लागते, सुटते. बिऱ्हाड मांडले जाते, मोडले जाते. आणि अधूनमधून हा माणूस सांगून किंवा न सांगता घराबाहेर पडतो. त्यांच्या भटकंतीमागे धर्माचा शोध होता, तापट स्वभावही होता, त्यामुळे सगळे खाते दूरदुखीच्या नावे टाकता येणार नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : ते निघतात तेव्हा कुठे जायचे यापेक्षा इथे राहायचे नाही, हे जास्त ठाम असते.

दूरदुखीची खूण इथे सापडते. घरदुखीला पत्ता असतो, दूरदुखीला फक्त दिशा. तिथे पोहोचले की ‘तिथे’चे ‘इथे’ होते आणि वेदना पुढच्या डोंगराआड सरकते. ‘दुरून डोंगर साजरे’ ही आपली म्हण उपदेश म्हणून वापरली जाते. जवळ गेल्यावर दगडधोंडेच दिसतील, तेव्हा घरीच बस, असा तिचा सूर. दूरदुखी झालेल्या माणसाला हे ठाऊक असते. तरी त्याचे पाय निघतात. देवनारच्या मुलीने रत्नागिरीचे तिकीट काढले आणि घरी पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी ती नकाशे उघडून बसली, तर तिचे दुखणे हे. आणखी एक गुंतागुंत अशी की घरदुखी आणि दूरदुखी एकाच माणसाला आलटून पालटून होतात. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हे नेहमी दिसते : तिकडे असताना गणपतीत जीव गावाकडे लागतो, गावी आल्यावर दहाव्या दिवशी परतीची घाई होते.

जगदुखीत जायचे कुठे?

कुठेच नाही, आणि म्हणून ती वेगळी. ‘व्हेल्टश्मेर्त्स’ हा शब्द जर्मन लेखक जाँ पाउल याने घडवला. त्याच्या मृत्यूनंतर 1827 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेलिना’ या पुस्तकात तो येतो. तिथे ती वेदना माणसाची नव्हे, ईश्वराची आहे : जगातली सगळी दुःखे एकाच वेळी ज्याला दिसतात त्याची. पुढे हाइन्रिश हाइनेसारख्या लेखकांच्या हातून हा शब्द माणसाकडे आला. आज त्याचा अर्थ असा की जग जसे असावे असे मनाला वाटते आणि जसे ते आहे, त्यांतल्या अंतराचे दुखणे.

मराठीत या जागी बा. सी. मर्ढेकर आठवतात. 1947 च्या ‘काही कविता’मधली मुंबई महायुद्धातून बाहेर पडलेली, यंत्रांना जुंपलेली आहे, पिंपातले मेलेले उंदीर आणि नळ, गिरण्या, गर्दी यांच्या प्रतिमांतून तिथे माणसाच्या जिण्याचीच किळस आणि करुणा व्यक्त होते. मर्ढेकरांना खानदेशात परत पाठवून हे दुखणे गेले नसते. गाव बदलले तरी जग तेच.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. बालकवींची उदासी अनेकदा याच खात्यात टाकली जाते. टिळकांच्याच घरी काही काळ राहिलेल्या या कवीने, मनाला हे उदासपण कुठून येते तेच कळत नाही, अशा आशयाची कविता लिहिली. पण कारण न कळणे ही जगदुखीची खूण नव्हे. जगदुखीत काय दुखते ते माणसाला चांगले कळलेले असते. उलट ते इतके कळलेले असते की पुढे काय करायचे ते सुचत नाही. बालकवींच्या त्या कवितेतल्या भावनेसाठी आपला ‘हुरहुर’ हा शब्दच बरा.

देवनारमध्ये जगदुखी व्हायला फार लांब जावे लागत नाही. 1927 पासून शहराचा कचरा जिथे येऊन पडतो ते क्षेपणभूमीचे डोंगर इथेच आहेत. जानेवारी 2016 मध्ये त्यांना लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला, तेव्हा उरलेल्या मुंबईला त्यांची आठवण झाली. समाजकार्य शिकणारी ती मुलगी क्षेत्रकार्यासाठी या वस्त्यांत गेली, कचरा वेचणारी मुले तिने पाहिली आणि वसतिगृहात परतल्यावर तिला जेवण गेले नाही, तर तिला रत्नागिरीला पाठवून काय होणार? तिकडे तिला आंबा मिळेल, पण ती मुले तशीच राहतील, हे तिला ठाऊक आहे.

ही जगदुखी की नैराश्य?

हा प्रश्न डॉक्टरांचा आहे, पण ढोबळ फरक घरच्यांनाही ओळखता येतो. जगदुखी झालेला माणूस जगावर चिडतो, वाद घालतो, वाचतो, मित्रांत बसला की हसतोही. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न असेल, आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपणच निरुपयोगी आहोत असे वाटत असेल, तर जर्मन शब्द बाजूला ठेवून तज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठी आहे. ‘जगाचे दुःख मनाला लागले आहे’ हे ऐकायला भारदस्त वाटते. त्यामागे आजार लपू शकतो.

मराठीत नेमके शब्द का नाहीत?

घराच्या ओढीसाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही. जात्यावरच्या ओव्यांत माहेरच्या आठवणींनी केवढी तरी जागा व्यापली आहे. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलींनी ही भाषा घडवली. दूर जाण्याची मुभा ज्यांना होती त्यांनी मात्र आपल्या अस्वस्थतेला नाव देण्याची फारशी गरज मानली नाही. ‘पायाला भिंगरी’ म्हटले की काम भागले, आणि त्यात वेदना नाही, चेष्टा आहे.

जगदुखीच्या सर्वात जवळ जाणारी मराठी कथा रामदासांच्या बालपणाची आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात लपून बसलेल्या नारायणाला आईने काय करतोस म्हणून विचारले, तेव्हा जगाची काळजी करतो आहे, असे त्याने सांगितल्याची आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. पण ‘चिंता’ आणि ‘श्मेर्त्स’ एक नव्हेत. चिंता करणारा पुढे काहीतरी करायला उठतो, आणि आख्यायिकेतला नारायणही उठला. जर्मन शब्दातला माणूस अजून त्या कोपऱ्यातच बसलेला आहे.