‘नको’ची तारीख

‘अगं, ब्लॉक कर ना सरळ! विषय संपला.’ ओळखीतला एखादा मुलगा मेसेजवर मेसेज टाकत सुटला, की मित्रमंडळींकडून मिळणारा हा पहिला सल्ला. दुसरा सल्ला ‘स्क्रीनशॉट काढून ठेव’. आपण तोही इमानेइतबारे पाळतो. मग फोनच्या गॅलरीत बिर्याणीचे फोटो, विजेचं बिल आणि बॉसचे फॉरवर्ड यांच्यामध्ये ते साठ-सत्तर स्क्रीनशॉट पडून राहतात. तक्रार करायची वेळ येते, तेव्हा पोलिसांसमोर हा ढीग ठेवून आपण म्हणतो, ‘बघा ना, किती त्रास देतो!’ पण समोरच्या अधिकाऱ्याला त्या ढिगातून काय दिसणार?

पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीचं अगदी हेच झालं. वीकएंड ट्रेकच्या ग्रुपमधला ओळखीचा मुलगा, फेब्रुवारी-मार्च 2025 मधले मेसेज आणि तब्बल 64 स्क्रीनशॉट. एका रविवारी लॅपटॉप घेऊन आम्ही दोघी बसलो आणि त्यांची वर्गवारी केली.

आधी कायदा काय शोधतो ते समजून घ्या. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 78 पाठलागाबद्दल आहे. बाईने स्पष्टपणे नकार दर्शवल्यावरही पुरुष जवळीक साधण्यासाठी वारंवार संपर्क करत राहिला, तर तो गुन्हा. म्हणजे तीन गोष्टी दिसायला हव्यात: नकार, त्यानंतरचा संपर्क आणि तोही पुन्हा पुन्हा. म्हणून आम्ही सगळ्यांत आधी शोधला तो ‘नको’चा मेसेज. तो सापडला 16 फेब्रुवारीचा, रात्री 9.40 चा: ‘मला तुझ्याशी बोलायचं नाही. यापुढे मेसेज करू नकोस.’ बाकी सगळं या तारखेच्या अलीकडे किंवा पलीकडे लावायचं होतं.

आता गंमत बघा. स्क्रीनशॉटच्या फाइलच्या नावात बहुधा तारीख असते, पण ती फोटो काढल्याची, मेसेज आल्याची नाही. मैत्रिणीने बरेच स्क्रीनशॉट एकाच रात्री काढले होते, त्यामुळे गॅलरीतला क्रम बिनकामाचा होता. त्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर ताज्या मेसेजच्या वर तारखेऐवजी `Today` किंवा `Yesterday` एवढंच दिसतं. महिन्याभराने त्या `Today` चा अर्थ कोण लावणार? उपाय सोपा आहे. चॅट अजून फोनमध्ये असेल तर आठवडा उलटल्यावर तोच भाग पुन्हा उघडा; तोवर तिथे पूर्ण तारीख आलेली असते. जुना स्क्रीनशॉटही टाकू नका. शिवाय चॅट एक्स्पोर्ट केलं, तर प्रत्येक मेसेजची तारीख-वेळ असलेली टेक्स्ट फाइल मिळते. इन्स्टाग्रामवर चॅट डावीकडे सरकवलं की वेळ दिसते. ती दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या.

स्क्रीनशॉट काढताना आधीच्या पानावरचा शेवटचा मेसेज पुढच्या पानावर यायला हवा, म्हणजे मधलं काही गाळलेलं नाही हे कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर वरती आपण सेव्ह केलेलं नाव दिसतं, नंबर नाही. म्हणून त्याच्या कॉन्टॅक्टचं पान नंबरसकट वेगळं घ्या. इन्स्टाग्रामवर युजरनेम बदलता येतं, तेव्हा प्रोफाइलचं पानही त्याच दिवशी घ्या. कापाकापी, लाल गोल, बाण मूळ फाइलवर अजिबात नकोत. आम्ही मूळ फाइल्स एका फोल्डरमध्ये जशाच्या तशा ठेवल्या, दुसऱ्यात कॉपी केल्या आणि कॉपींना मेसेजच्या तारखेचं नाव दिलं:

```
2025-02-16_2140_01.png
```

आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. असं नाव दिलं की फाइल्स आपोआप क्रमाने लागतात.

मग तक्ता. रकाने सहाच: क्रमांक, मेसेजची तारीख-वेळ, अ‍ॅप आणि अकाउंट, त्याचे नेमके शब्द, तिचं उत्तर, फाइलचं नाव. ‘घाणेरडं बोलला’ असं लिहायचं नाही. जे लिहिलंय ते, त्याच्या स्पेलिंगसकट. तिची उत्तरंही सगळी घेतली. सुरुवातीचे तिचे दोन-चार स्मायली बघून ती म्हणाली, ‘हे काढूया का?’ नाही काढायचे. ते ‘नको’च्या आधीचे आहेत, त्यांनी नकार पुसला जात नाही. गाळलेले मात्र नंतर दुसऱ्या बाजूकडून पुढे आले, तर अख्ख्या तक्त्यावर संशय येतो.

एकावर एक आलेले भाग वगळून 64 स्क्रीनशॉटच्या 41 नोंदी झाल्या. 12 नकाराच्या आधीच्या, 29 नंतरच्या. आणि मग जे ढिगात दिसत नव्हतं ते दिसलं. व्हॉट्सअ‍ॅपवर 11 नोंदी, 27 फेब्रुवारीला ब्लॉक. 1 मार्चला इन्स्टाग्रामवर नवं अकाउंट, 9 नोंदी, 12 मार्चला ब्लॉक. 13 मार्चला आणखी एक अकाउंट, 30 मार्चपर्यंत 9 नोंदी. ब्लॉक केलं की दोन दिवसांच्या आत नवा दरवाजा! ब्लॉक केल्याच्या तारखाही म्हणूनच तक्त्यात हव्यात. (ब्लॉक करताना चॅट डिलीट करण्याचा पर्याय समोर आला, तर तो टाळा.)

नवी अकाउंट त्याचीच कशावरून? इथे जपून. तक्त्यात ‘हा तोच’ असं ठोकून न देता वेगळी ओळ लिहिली: ‘नोंद 24 मध्ये ट्रेकला फक्त आम्हा दोघांत झालेल्या बोलण्याचा उल्लेख आहे.’ अकाउंट कुणी चालवलं हे सिद्ध करणं पोलिसांचं काम. त्यासाठी ते कंपनीकडून लॉग मागवतात आणि ते कायम ठेवले जात नाहीत, म्हणून तक्ता सुबक होईपर्यंत महिने घालवू नका.

तक्रार cybercrime.gov.in वर करता येते किंवा थेट पोलीस ठाण्यात. 1930 हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. जिवाची भीती असेल तर 112. पोर्टलवरची तक्रार म्हणजे आपोआप एफआयआर नव्हे, हेही लक्षात असू द्या. पावती क्रमांक घेऊन पाठपुरावा करावा लागतो. तक्त्यावर एका पानाचा सारांश लावा: ओळख कशी, नकार कधी, त्यानंतर 42 दिवसांत किती नोंदी, किती अकाउंट. फोन मात्र फॉरमॅट करू नका आणि एक्स्चेंजमध्येही देऊ नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात मूळ उपकरणाची माहिती द्यावी लागते.

मर्यादाही सांगते. कलम 78 फक्त स्त्री तक्रारदारासाठी आहे. पुरुषाला धमक्या येत असतील, तर त्याला कलम 351 चा आधार घ्यावा लागेल. शिवाय पहिल्या वेळी हा गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे तक्रारीनंतर मेसेज थांबतीलच असं नाही. आला तर उत्तर द्यायचं नाही. त्याच दिवशी नोंद 42 म्हणून तक्त्यात चढवायचा आणि जुन्या पावती क्रमांकासकट तपास अधिकाऱ्याकडे पोचवायचा.