फळ्यावर दोन आकडे लिहा

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याहून एका क्रीडाशिक्षकांचे पत्र आले आहे. त्यांची विद्यार्थिनी एका स्पर्धेत बीमवर चौथी आली. चिठ्ठीवर एवढेच होते : १०.३. ‘डी’ किती, ‘ई’ किती, असे त्यांनी विचारले तेव्हा टेबलावरून उत्तर मिळाले, “सर, टोटल बघा ना, बाकी आमचं काम.” पत्राच्या शेवटी सरांनी आम्हाला विचारले आहे, “पुढच्या वर्षी मुलीला नवीन एलिमेंट शिकवू, की गुडघे सरळ करून घेऊ?”

त्या टेबलावरच्या चिठ्ठीने नेमके हेच सांगायला हवे होते.

१०.३ हा आकडा कसा तयार होतो ते पाहा. मुलीच्या आठ मोजलेल्या एलिमेंट्समध्ये दोन ‘सी’, तीन ‘बी’ आणि तीन ‘ए’ आहेत असे धरू. त्यांचे मूल्य १.५. चार रचना-अटींपैकी तीन पूर्ण, म्हणून आणखी १.५. डी-स्कोर ३.०. ई-पॅनेलच्या चार पंचांनी दिले ७.९, ७.४, ७.२ आणि ६.८. वरचा आणि खालचा गेला, मधल्या दोघांची सरासरी ७.३. बेरीज १०.३. आता शेजारच्या जिल्ह्यातली दुसरी मुलगी घ्या. तिचा डी २.३, ई ८.०. बेरीज तीच. पहिलीला सहा महिने नवीन काही शिकवू नका. गुडघे, पायांची बोटे आणि लँडिंग, एवढेच करून घ्या. दुसरीची उरलेली अट पूर्ण करा आणि दोन ‘ए’ बदलून ‘बी’ आणा. एकाच बेरजेमागे दोन उलटी निदाने दडलेली आहेत, आणि आपण प्रशिक्षकाच्या हातात फक्त बेरीज ठेवतो.

हे दोन आकडे वेगळे व्हावेत म्हणून जगाने मोठी किंमत मोजली आहे. दहाच्या जमान्यात काठिण्य ‘स्टार्ट व्हॅल्यू’त जायचे, वजावट त्यातूनच व्हायची आणि लोकांपुढे एकच आकडा यायचा. १९७६ साली माँट्रियलला नादिया कोमानेचीच्या दहापैकी दहासाठी गुणफलकावर जागाच नव्हती, तो १.०० दाखवत होता. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पुढे वरच्या फळीतल्या बहुतेकांची सुरुवातच दहापासून होऊ लागली आणि अवघड रचना करणाऱ्याला जास्त द्यायला पंचांकडे काही उरले नाही. २००४ साली अथेन्समध्ये कोरियाच्या यांग ताए-यंगच्या पॅरलल बार्सवरच्या रचनेतले एक एलिमेंट पंचांनी दुसरेच समजून नोंदले आणि स्टार्ट व्हॅल्यू १०.० ऐवजी ९.९ धरली. पॉल हॅमला सुवर्ण मिळाले ५७.८२३ वर; यांग ५७.७७४ वर तिसरा राहिला. फरक ०.०४९ चा, चूक ०.१ ची. तीन पंच निलंबित झाले, निकाल मात्र बदलला नाही, कारण कोरियाची हरकत स्पर्धा संपल्यावर आली होती. त्याच ऑलिंपिकमध्ये हाय बारच्या अंतिम फेरीत नेमोवच्या ९.७२५ वर प्रेक्षकांनी असा गोंधळ घातला की पंचांना ते ९.७६२ करावे लागले. दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, एफआयजीने दहाची कमाल मर्यादा काढून टाकली. काठिण्य वेगळे मोजायचे, त्याला वरची सीमा नाही. सादरीकरण दहापासून खाली उतरत येणार. तेव्हा त्यांना ए आणि बी म्हणत, पुढे डी आणि ई झाले.

या विभागणीचा फायदा पाहायचा तर दीपा कर्माकरचे रिओ २०१६ आठवा. पहिला वॉल्ट १४.८६६. दुसरा प्रोदुनोवा : डी ७.०, ई ८.२६६, एकूण १५.२६६. सरासरी १५.०६६, क्रमांक चौथा. कांस्यपदक १५.२१६ वर गेले. फरक ०.१५. सरासरी दोन वॉल्टची असल्यामुळे दोन्ही मिळून ई-गुणांत फक्त ०.३ वाढले असते, तर दीपा त्या आकड्याला भिडली असती. ०.३ म्हणजे एक मध्यम वजावट. त्या दिवशी जगातले सर्वांत अवघड डी असूनही पदक कुठे अडले, हे घरी टीव्ही पाहणाऱ्यालाही वाचता आले. हेच केदारखेड्याच्या सरांना त्यांच्या मुलीबद्दल वाचता येत नाही.

आणि प्रश्न केवळ माहितीचा नाही. नियमाप्रमाणे हरकत घेता येते ती डी-स्कोरवर, ई-स्कोरवर नाही. तीही पुढच्या जिम्नॅस्टचा गुण लागण्याआधी, आणि शेवटच्या जिम्नॅस्टच्या बाबतीत एका मिनिटात. पॅरिस २०२४ मध्ये फ्लोअरच्या अंतिम फेरीत जॉर्डन चाइल्सच्या प्रशिक्षिकेने हरकत घेतली, डी ५.८ चा ५.९ झाला आणि १३.६६६ चे १३.७६६ होऊन ती तिसरी आली. मग हरकत चार सेकंद उशिरा आली असे म्हणत क्रीडा लवादाने ती रद्द केली आणि कांस्य १३.७०० वाल्या रुमानियाच्या अना बर्बोसूकडे गेले. तिकडे चार सेकंदांवर खटले चालतात. आपल्याकडे डी दाखवतच नाहीत, मग हरकत घ्यायची कशावर? एलिमेंट मोजले गेले नाही हे प्रशिक्षकाला कळणार कसे? हरकतीचा हक्क नियमपुस्तकात आहे आणि मैदानावर नाही.

आयोजक म्हणतात, मनुष्यबळ नाही. एवढे मोठे पॅनेल कोण मागते आहे? एक डी-पंच आणि दोन ई-पंच पुरे. दोघांची सरासरी काढा, अंतर फार पडले तर दोघांना बोलवा. आकडे लिहायला शाळेतला फळा चालेल. दुसरी सबब अशी की दोन आकडे लावले तर हरकतींचा पाऊस पडेल. पडू द्या. ई-वर हरकत चालतच नाही आणि डी-वर जिची हरकत टिकेल, तिचे गुण पंचांनी खाल्लेलेच असतील.

पण प्रशिक्षक मंडळींनीही अंग झाडून मोकळे होऊ नये. आपल्यापैकी कितीजण रचना चिन्हांमध्ये लिहून ठेवतात? ज्याने स्वतःचा डी आधी मांडलेला नाही, त्याला पंचांचा डी दाखवूनही काय कळणार? मुलीच्या बीमवर ‘ए’च्या जागी ‘सी’ कोंबतात, मिळतात ०.२. मुलगी पाय टेकण्याआधीच खाली गेली तर १.० जातो आणि एलिमेंटही धरले जात नाही. तीन एलिमेंट्समध्ये गुडघे मध्यम वाकले तर ०.९ आधीच गेलेले असतात. ही गणिते स्पर्धेच्या आदल्या रात्री नव्हे, सराव आखताना करायची असतात.

आता २०२५ ते २०२८ ची नवी संहिता लागू आहे. पुरुषांच्या रचनेतही दहाऐवजी आठ एलिमेंट्स मोजली जातात. पुढच्या स्पर्धेच्या तांत्रिक बैठकीत तीन गोष्टी लेखी विचारा : कोणती संहिता लावणार, डी आणि ई वेगळे दाखवणार का, हरकत कोणाकडे आणि किती वेळात. उत्तर मिळो न मिळो, प्रत आमच्याकडे पाठवा. स्पर्धेचे नाव घालून छापू. आणि केदारखेड्याच्या सरांनी मुलीची रचना ओळीने लिहून पाठवावी. डी आम्ही मोजून देतो, तो १०.३ मधून वजा केला की बाकीचे सरांना दिसेल.