पुढचं तिकीट आधी काढा

"जेवलास का?"
"हो. तू?"
"झालं."
"बरं, ठेवते."

नोकरीपायी दोन गावी राहणाऱ्या नवरा-बायकोचं बोलणं बघता बघता एवढ्यावर येतं. भांडण नसतं, नुसती हजेरी लागते.

आमच्या नात्यातलं एक जोडपं. ती नागपुरात शिक्षिका, तो चाकणला कारखान्यात. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. दुसऱ्या पाळीत खोलीवर पोचेपर्यंत बारा वाजायचे आणि तिला साडेपाचला उठायचं असायचं. ती पेंगत जागायची, तो थकून यायचा आणि कशावरूनही वाजायचं. बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं की हे भांडण घड्याळाशी आहे. आता रविवारी तो पुढच्या आठवड्याची पाळी कळवतो. दुसरी पाळी असली की फोन सकाळी सहाला. तिचा फोन ओट्यावर, स्पीकर चालू, तव्यावर पोळी, तो अंथरुणातच. बोलणं झालं तर झालं, नाहीतर लाटण्याचा आवाज. पण वर्गातल्या कुणाचा दात पडला, खालच्या काकूंनी पुन्हा पाण्यावरून काय काढलं, हे असंच निघतं. मोठ्या बातम्या आपण आठवणीने सांगतो. ह्या बारीकसारीक गोष्टी राहून जातात आणि त्या राहिल्या की माणूस परका वाटू लागतो.

रुसवा मात्र मेसेजवर काढू नका. अक्षरांना सूर नसतो; "ठीक आहे" हे दोन शब्द रागाचे की खरोखर ठीक, ते समोरच्याला कळत नाही. फोन करा.

आता भेटीचं. पुणे-नागपूर रेल्वेने चांगली एक रात्र जाते. शनिवारी सकाळी आलेला माणूस रविवारी संध्याकाळी परत स्टेशनवर. त्यात बँक, मावशींकडचं जेवण, सासूबाईंचा डॉक्टर. माझं स्पष्ट मत आहे की शनिवारची संध्याकाळ कुणालाही देऊ नये, सख्ख्या आईलासुद्धा नाही. आणि येणाऱ्याने पाहुणा होऊ नये, तसा तपासनीसही होऊ नये. "डबे इकडे का हलवलेस?" ह्या एका प्रश्नावर अर्धा शनिवार गेलेला मी पाहिला आहे. ते घर तिने एकटीने चालवलंय, तिची घडी तिला ठाऊक. आधी गुमान चहा टाका.

खर्चाचा हिशेबही एकदाच बसून ठरवा. दोन भाडी, दोन किराणे आणि प्रवास हे आधी वेगळं काढलं, तर "परवडत नाही" म्हणून भेट रद्द होत नाही.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. तेव्हा निरोप घेण्याआधी दोघांनी कॅलेंडर घेऊन बसा, पुढची तारीख ठरवा आणि जमलं तर तिथेच तिकीट काढा. "बघू, सुट्टी मिळाली तर येतो" एवढं सांगून गाडीत बसू नका.