चौथा चरण आखूडच राहू द्या

काही वर्षांपूर्वी एका गीतसंग्रहासाठी आम्ही एक अभंग रचून पाठविला होता. विषय परिचयाचा, रात्रभर कष्ट करून रिकाम्या हाती परतलेल्या कोळ्यांचा. संग्रह छापून आला आणि अभंगही आला, परंतु दुरुस्त होऊन. प्रत्येक कडव्याचा चौथा चरण दोन अक्षरांनी लांबविण्यात आला होता. विचारणा करता उत्तर मिळाले की, चौथी ओळ ‘कमी पडत होती’, गाताना पोकळी राहत होती, म्हणून ती भरून काढली. दुरुस्ती करणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता, याविषयी आम्हांला शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या कानाविषयी. आणि ही खोड एकाच संग्रहापुरती नसल्याने त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांला भाग आहे.

पहिले कडवे आम्ही लिहिले ते असे :

रात्रभर आम्ही
जाळे फेकियेले
हात सोलियेले
मासा नाही

मोठ्या अभंगाचा हिशेब शाळकरी मुलालाही ठाऊक असतो : पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याचे, चौथा मोकळा. ही केवळ गणना नव्हे. सहा अक्षरे तीनदा आली की कानाला सहाची सवय लागते. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक ती सवय घट्ट बांधते. कान चौथ्यांदा सहाची वाट पाहू लागतो आणि तेथे चारच मिळतात. तेवढ्यात वाक्य संपलेले असते. जी दोन अक्षरे आली नाहीत, त्यांच्या जागी ऐकणारा स्वतः उभा राहतो. वरच्या कडव्यात ती जागा म्हणजे रिकामे जाळे होय.

आता दुरुस्त पाठ पाहा : ‘परी मासा नाही’. सहा अक्षरे, हिशेब पुरा! पण ‘परी’ने काय केले? सोललेले हात आणि न मिळालेला मासा यांच्यातला विरोध ऐकणाऱ्याला आपसूक जाणवत होता, तो ‘परी’ने समजावून सांगितला. शिवाय ओळ इतर ओळींइतकीच लांब झाल्यामुळे धक्का गेला. चार सारख्या ओळींत चौथी ही केवळ आणखी एक ओळ होते. कोळी रिकामा परतला हे अजूनही कळते, परंतु जाणवत नाही.

गाताना पोकळी राहते, हा आक्षेपही तपासून पाहू. हाच अभंग सहा मात्रांच्या दादऱ्यात साध्या चालीने घेतला, तर पहिल्या तीन चरणांत अक्षरास एक मात्रा पडते. चौथ्यात ‘मा सा ना ही’ असे म्हणून ‘ही’ आणखी दोन मात्रा लांबविला जातो. वेळ तेवढाच लागतो, अक्षरे मात्र कमी. पोकळी कोठे आहे? आहे तो लांबलेला स्वर, आणि भजनी मंडळीत टाळकऱ्यांना उचलून धरायला मिळतो तोही हाच. तो शब्दांनी भरणे म्हणजे विहिरीत पाणी दिसावे म्हणून ती मातीने बुजविण्यासारखे आहे.

दुसऱ्या कडव्याची कथा अधिक दुःखाची.

भिजल्या दोरीला
पुन्हा हात लावू
खोल पाण्या जाऊ
तुझ्या शब्दे

येथे चौथ्या चरणाचे काम निराळे आहे. थकलेला माणूस पुन्हा दोरीला हात घालतो, खोल पाण्यात निघतो; का, ते तीन चरण सांगत नाहीत. कारण राखून ठेवले आहे आणि ते चार अक्षरांत येते. पहिल्या कडव्यात आखूड चरणाने जाळे रिते केले होते, त्याच जागी आता आज्ञापालन येऊन बसते. ताण तोच, पण सुटका वेगळी. दुरुस्तीत झाले ‘प्रभू तुझ्या शब्दे’. संबोधनाविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. पाळकाचे असणार तरी कसे? परंतु ‘प्रभू’ हा शब्द आधी आला की उत्तर आधीच फुटते. ‘तुझ्या’ म्हणजे कोणाच्या, हा अर्ध्या क्षणाचा प्रश्नही उरत नाही.

आखूड ओळ नेहमीच साधते, असे मात्र कोणी समजू नये. तिच्यामागे सवय घडलेली हवी. ओळी आधीच वेड्यावाकड्या लांबीच्या असतील, तर आखूड ओळ नुसती तुटलेली दिसते. आणि तिच्यात नवे काही यावे लागते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी रचनांत चौथा चरण ‘देवराया’, ‘दयाघना’ अशा हाकांवर खर्ची पडतो. वाक्य तिसऱ्यातच संपलेले असते, चौथा शेपटासारखा मागून येतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. चौथी ओळ हाताने झाकून तीन मोठ्याने वाचाव्यात. ऐकणारा थांबून राहिला तर चौथी हवी. मान डोलावून मोकळा झाला तर ती ओळ नसून भरती आहे.

विषम ओळ म्हणजे अशिक्षितपणा, असे मानणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले. परक्या देशातून आलेल्या या धर्मगुरूने छंद निवडला तो ओवीचा. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा बहुधा आखूड आणि यमकाविना मोकळा. ओवीत अक्षरसंख्या अभंगाइतकी काटेकोर नसते, पण उतार तोच. आणि ज्यांना इंग्रजी स्तोत्रांचा दाखला हवा, त्यांनी तेथील सर्वांत रुळलेला छंद मोजून पाहावा : आठ, सहा, आठ, सहा. तेथेही दर दुसरी ओळ आखूडच.

गणवृत्तांची गोष्ट अर्थात निराळी. शार्दूलविक्रीडितात प्रत्येक चरणास एकोणीस अक्षरे द्यावीच लागतात. तेथील ताण बाराव्या अक्षरानंतरच्या यतीवर उभा असतो. तेथे ओळ छाटण्याचा अधिकार कोणास नाही.

आता मुक्तछंदवाल्यांकडे वळू, कारण त्यांचा अपराध उलट्या दिशेचा आहे. ते ओळ भरत नाहीत, तोडतात. आणि तोडतात ती कागदाच्या कडेला पाहून. तेथेही लांबी-आखूडपणाचे काम तेच असते, फक्त सवय कवीला स्वतः घडवावी लागते. उदाहरणार्थ :

दार वाजले.
कोणी नाही.
पुन्हा वाजले.
कोणी नाही, आईची रिकामी खाट आणि तिच्यावर अजून घडी न केलेली गोधडी.

येथे उलट घडते. तीन वेळा श्वास आखडून घेतला जातो आणि चौथ्या ओळीत तो एकदम सुटतो. चौथ्या ओळीचा आरंभ दुसऱ्या ओळीसारखाच असल्याने ऐकणारा तेथेच थांबू पाहतो, पण ओळ त्याला पुढे ओढून खाटेपाशी नेते. हीच ओळ ‘आईची / रिकामी / खाट’ अशी तुकड्यांनी छापली, तर सातही तुकडे सारखेच आखूड होतील, श्वास सुटणारच नाही आणि गोधडीपर्यंत पोहोचण्याआधीच वाचक दमेल. अशा कविता आमच्या टेबलावर दर महिन्याला येतात. त्यांच्या कवींना आमचे एवढेच सांगणे असते की, कविता आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा. आवाज जेथे थांबेल तेथे ओळ तोडा, अन्यत्र नको.

त्या गीतसंग्रहाची नवी आवृत्ती निघणार असल्याचे कानावर आले आहे. संपादक मंडळींना आमची विनंती एवढीच : आमच्या अभंगातील ‘परी’ आणि ‘प्रभू’ हे दोन शब्द कृपया काढून टाकावेत. मानधन तेवढेच राहिले तरी चालेल, पूर्वीही ते शून्यच होते.