पेटीट म्हणजे बारीक नव्हे



माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. नव्या नोकरीसाठी तिने दोन पँट मागवल्या आणि दोन्ही परत पाठवल्या. फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "अगं मावशी, माझं अंगच बेढब आहे."

तिची उंची ५ फूट ३ इंच. तिकडच्या बहुतेक दुकानांत ५ फूट ३ इंच किंवा त्याहून कमी उंचीला पेटीट म्हणतात, अमेरिकेत ही रेघ ५ फूट ४ इंचांवर असते. म्हणून तिने आधी पेटीट घेतली. पायाची लांबी बरोबर आली, पण खुर्चीत बसली की आसन काचायचं आणि कंबर मागून खाली ओढली जायची. मग रेग्युलर घेतली. आसन छान, पण मोहरी जमिनीवर लोळते!

आपल्यापैकी पुष्कळजणी पेटीट म्हणजे बारीक चणीची असं समजतात. तसं नाही. जाड बाईसुद्धा पेटीट असू शकते. घेराचं माप वेगळं, हे उभं माप आहे. पेटीट कपड्यात नुसती खालून कात्री लावलेली नसते. मुंढा वर घेतलेला असतो, खांदा अरुंद, कंबर वर, बाही आखूड, गुडघ्याची जागा वर आणि आसन साधारण अर्धा ते एक इंच कमी. थोडक्यात, सगळीकडूनच थोडं थोडं आखूड.

आणि इथेच मला या पद्धतीशी भांडायचं आहे. उंची हा एक आकडा झाला. ती उंची धडात किती आणि पायात किती, हे त्यावरून मुळीच कळत नाही.

मी तिला टेप घेऊन बसवलं. कंबरेला इलॅस्टिक बांधायचं, कडक खुर्चीवर ताठ बसायचं आणि बाजूने इलॅस्टिकपासून खुर्चीच्या पाटापर्यंत मोजायचं. हे आसनाचं माप. मग उभं राहून जांघेपासून घोट्यापर्यंत मोजायचं. ही पायाची आतली लांबी. भाचीचं आसन ११ इंच आणि पाय साडेसव्वीस. तिची धाकटी बहीण तेवढ्याच उंचीची, कंबरही तीच. तिचं आसन साडेनऊ आणि पाय २८. मी पडले कॉमर्सची, बेरीज केल्याशिवाय राहवेना. दोघींची बेरीज साडेसदतीस! तक्ता दोघींना पेटीटच म्हणतो, पण ती पँट बेतलेली असते धाकटीसारख्या आखूड धडाच्या मुलीसाठी.

मग मोठीने काय घ्यायचं? तिकडे अनेक दुकानांत रेग्युलर पँटच शॉर्ट, रेग्युलर आणि लाँग अशा पायांच्या लांबीत मिळते. या शॉर्टमध्ये आसन पूर्ण असतं, फक्त पाय आखूड. नावं सारखी वाटतात म्हणून मुली पेटीट आणि शॉर्ट एकच समजतात, आणि पार्सल परत जातं. शॉर्ट मिळालीच नाही तर रेग्युलर घेऊन मोहरी दुमडून घ्यावी, पण सरळ पायाचीच. गुडघ्याशी निमुळती आणि खाली पसरणारी पँट असेल तर तिचा गुडघा आपल्या गुडघ्याच्या खाली येतो. खालून कापली की पसरलेला भागच निघून जातो, शोभा जाते. कमी पडलेलं आसन मात्र कुठलाच टेलर वाढवून देत नाही, आत तेवढं कापडच नसतं.

वरच्या कपड्यासाठी मानेच्या मागच्या हाडापासून त्याच इलॅस्टिकपर्यंत मोजावं. रेग्युलरमध्ये हे साधारण १६ इंचांच्या आसपास धरतात, पेटीटमध्ये इंचभर कमी. भाचीचं १६ भरलं, म्हणजे कुर्ता-ड्रेस रेग्युलरच. पेटीट घातला असता तर कंबरेची शिवण बरगड्यांवर चढली असती.

टॉलचं गणित हेच, उलट बाजूने. तिकडे ५ फूट ८ किंवा ९ इंचांपासून टॉल धरतात. माझी सून ५ फूट ६, म्हणजे तक्त्यात बसत नाही, पण हात लांब. रेग्युलर शर्टाची बाही मनगटाच्या वरच राहते. मी तिला शर्ट तेवढे टॉल घे म्हटलं. कंबर किंचित खाली येते, पण शर्ट खोचला की ते कुणाला दिसतंय? पँट रेग्युलर. एका बाईने एकाच रांगेतून सगळं घ्यायचं असं कुठे लिहिलंय?

आपल्याकडे तर एस, एम, एल हे बहुतेक घेराचंच बोलतात. कुर्त्याची लांबी लिहितात, पँटचं आसन क्वचितच. मी तर विक्रेत्याला सरळ विचारते, नाही सांगितलं तर घेत नाही.

भाचीने सरळ पायाची शॉर्ट मागवली. आल्याबरोबर आधी खुर्चीत बसून पाहिली, मग आरशात.