रेक्झिनवरची निळी रेघ

मीरा रोडच्या वन बीएचकेत मुलांचा गृहपाठ सोफ्यावरच होतो आणि फिक्या रेक्झिनवर बॉलपेनची रेघ उमटतेच. ही शाई तेलकट असते, नुसत्या पाण्याला दाद देत नाही. रेक्झिनच्या पीव्हीसी थरात ती हळूहळू मुरते, उन्हात तापलेल्या गाडीच्या सीटवर तर आणखी लवकर. म्हणून डाग त्याच दिवशी काढा. केमिस्टकडून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला थेंबभर लावून पाहा. मग कान साफ करायची कापसाची काडी जेमतेम ओली करून रेघेवरूनच फिरवा, आडवी घासलीत तर डाग पसरेल. बोळा निळा झाला की काडी बदला. बोळ्यावर सोफ्याचाच रंग आला तर तिथेच थांबा, वरचा थर सुटतोय. खऱ्या चामड्यावर हे फार पटकन होतं. शेवटी साबणाच्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. काडी स्वच्छ निघतेय, तरी रेघ दिसतेय? शाई आत मुरली आहे, आता घासून उपयोग नाही. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र लावूच नका. त्यातलं ॲसिटोन रेक्झिनचा वरचा थरच खराब करतं.