सरपंचाची सही एकाची, डोंगल दुसऱ्याच्या खिशात. ग्रामपंचायतीच्या खात्याची चावी नेमकी कुणाकडं?

सातारा, सांगली : जानेवारी २०२१ मध्ये निवडून आलेल्या ग्रामपंचायतींची पाच वर्षांची मुदत २०२६ च्या सुरुवातीपर्यंत होती. माण-खटाव असो की जत-आटपाडी, कारभारी बदलला की बँकेतली सहीही बदलावी लागते. गावात चर्चा होते ती खुर्चीची. सहीच्या कागदाकडं कुणी बघत नाही, आणि पैसा जातो तो नेमका तिथूनच.

छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाचं प्रकरण आठवत असेल. डिसेंबर २०२४ मध्ये ते उघड झालं. कंत्राटावर असलेल्या, महिना तेरा हजारांच्या आसपास पगार घेणाऱ्या संगणक चालकावर सुमारे २१ कोटी ५९ लाख रुपये वळवल्याचा आरोप झाला. त्यानं तिजोरी फोडली नव्हती की चेकही चोरला नव्हता. पोलीस तपासात पुढं आलं ते असं : कार्यालयाच्या लेटरहेडवर बँकेला एक पत्र गेलं. त्यात खात्याला जोडलेला ईमेल बदलायला सांगितलं होतं. नवा पत्ता जुन्यासारखाच, फरक एखाद्या अक्षराचा. मग नेट बँकिंग सुरू झालं आणि ओटीपी त्याच्याच हातात येऊ लागले. जुलै ते डिसेंबर, साधारण पाच महिने पैसे जात राहिले. चेकवर अधिकाऱ्यांच्या सह्या लागायच्या, तो नियम तसाच होता. पण पैसा चेकनं गेलाच नाही. पुढच्या दाराला दोन कुलपं आणि मागचं दार उघडं!

आता आपल्या गावाकडं येऊ. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या यंत्रणेतून थेट ठेकेदाराच्या किंवा पुरवठादाराच्या खात्यात जातो. त्यासाठी दोन डिजिटल सह्या लागतात. ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) बिल तयार करून पहिली सही करतात, सरपंच ते तपासून दुसरी. एकाची चूक किंवा लबाडी दुसऱ्यानं पकडावी, म्हणून दोन माणसं. पण डिजिटल सही असते पेनड्राईव्हसारख्या डोंगलमध्ये. सरपंच शेतावर, नेटला रेंज नाही, म्हणून डोंगल आणि पासवर्ड दोन्ही ऑपरेटरकडं ठेवले जातात. सोय होते, पण सह्या दोन दिसत असल्या तरी हात एकच राहतो. कागदावर मात्र सगळं नियमात दिसतं. म्हणून तपासणाऱ्यानं सही आहे का एवढंच विचारून भागत नाही. त्या दिवशी, त्या वेळी सरपंच कुठं होते, हेही विचारावं लागतं. सकाळी ११ वाजता दोन्ही सह्या दोन मिनिटांच्या अंतरानं पडल्या आणि सरपंच तेव्हा साताऱ्यात बैठकीला होते, तर कोडं सुटलं.

तातडीच्या बिलाचं एक उदाहरण घ्या. समजा, उन्हाळ्यात पाणीपुरवठ्याची मोटर जळाली. दुरुस्तीचं बिल १ लाख ८० हजार. गावाला पाणी नाही म्हणून ठरावाची वाट न बघता पैसे द्यायचे आणि कार्योत्तर मंजुरी नंतर घ्यायची असं ठरलं. इथपर्यंत काही गैर नाही, लोकांना तहानलेलं ठेवता येत नाही. पण त्याच आठवड्यात दुकानदाराचा खाते क्रमांक बदलल्याचा अर्ज आला असेल तर थांबायला हवं. अर्जावर छापलेल्या नंबरवर फोन करून उपयोग नाही, तो नंबर अर्ज करणाऱ्याचाच असतो. जुन्या बिलावरचा नंबर काढून तिथं विचारायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

अंतर्गत तपासणीत खरं म्हणजे तीन कागद शेजारी ठेवले की बरंच कळतं. रोकड वही, म्हणजे नमुना ५. बँकेचं स्टेटमेंट, तेही कार्यालयातल्या प्रिंटरवरचं नव्हे तर थेट बँकेतून आणलेलं. आणि खात्यावरचा मोबाईल, ईमेल, सह्या कधी आणि कुणाच्या पत्रानं बदलल्या, त्याची फाईल. ही तिसरी फाईल सहसा कुणी मागतच नाही. संभाजीनगरला दर महिन्याला बँकेकडून स्टेटमेंट आणून वहीशी ताडलं असतं, तर गळती पहिल्याच महिन्यात दिसली असती.

याला मर्यादाही आहे. सरपंच आणि ग्रामसेवक दोघं मिळालेले असतील तर वही आणि स्टेटमेंट तंतोतंत जुळतात. मग बिलात लिहिलेली मोटर विहिरीवर बसलीय का, हे जाऊन बघावं लागतं. वर्ष उलटल्यावर येणाऱ्या लेखापरीक्षकाला ते जमत नाही, रोज पाणी भरणाऱ्याला जमतं. खर्चाच्या नोंदी ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर मोबाईलवरही दिसतात.

नवा सरपंच किंवा प्रशासक आल्यावर पहिल्याच ग्रामसभेत दोन प्रश्न विचारता येतील : जुनी सही बँकेतून कोणत्या तारखेला काढली? आणि खात्याचा ओटीपी सध्या कुणाच्या मोबाईलवर येतो?